चाळीस मुलांची वर्गखोली: रुंदी ६.६ ठेवू की ७.२? (उजेड, आवाज आणि बाकांची मारामारी)

तिरपी_रेघ
मंडळी, शाळेच्या वर्गखोल्यांच्या ब्लॉकचं काम हातात आहे, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर चार वर्ग, एका बाजूला व्हरांडा आणि दुसरी बाजू मोकळी. प्रत्येक वर्गात ४० मुलं. मी आधी खोली ८.४ बाय ६.६ मीटर धरली होती, स्लॅबच्या खालपर्यंत उंची ३.३, फळा ६.६ वाल्या भिंतीवर, खिडक्या ८.४ वाल्या लांब भिंतीत मुलांच्या डाव्या हाताला. ६.६ का, तर खिडकीचा उजेड त्यापेक्षा आत नीट जात नाही असं शिकलोय. आता बाक मांडायला घेतले तर बसतच नाहीयेत. दोघांच्या बाकांच्या चार रांगा टाकल्या तर मधून चालायला जागा उरत नाही, तीन रांगा टाकल्या तर मागची मुलं भिंतीला टेकतात. कुठे चुकतोय?

रंधा
चुकत काही नाहीयेस, फक्त उलटीकडून सुरुवात केलीस. आधी बाक मांडायचे, मग भिंती ओढायच्या. मी आयुष्यभर बाकच बनवतोय म्हणून सांगतो. दोघांचा बाक १.१ ते १.२ मीटर लांब, त्याहून कमी केला की वर्षभर कोपराकोपरीच्या तक्रारी. चार रांगा म्हणजे ४.४, मधल्या तीन वाटा ०.६ च्या म्हणजे १.८, भिंतींकडे अर्धा अर्धा मीटर म्हणजे १. झाले ७.२. तुझ्या ६.६ मध्ये हेच कोंबलंस तर वाटा ०.४ च्या होतात, आणि तिथून दप्तर घेऊन पोरगं आडवं होऊनच जातं. तीन रांगा केल्या तर ४० ला सात ओळी लागतात, ओळीला ०.९ धर, नुसते बाक ६.३, पुढे फळ्यापाशी दोन मीटर सोडलेस की ८.३. मागे १० सेंटिमीटर, तिथे झाडू उभा करता येईल.

तिरपी_रेघ
काका, ७.२ मलाही दिसतंय पण मग व्हरांड्याकडच्या रांगेला अंधार होतो ना, तिथेच अडकलोय.

मधली_सुट्टी
माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या खोलीतपण हाच प्रॉब्लेम होता, टेबल खिडकीसमोर ठेवलं तर डोळ्यावर उजेड येतो आणि पाठीमागे ठेवलं तर वहीवर सावली. शेवटी एलइडी लावला. तुम्ही पण डायरेक्ट चांगले लाइट लावून टाका ना, दिवसा उजेड असो नसो.

उजेडवाली
@मधली_सुट्टी एका टेबलाची गोष्ट वेगळी हो, टेबल फिरवता येतं. इथे चाळीस जणांनी एकाच दिशेला तोंड करून बसायचंय. आणि लाइट लागणारच आहेत, प्रश्न असा की भर दुपारी ते लावावे लागू नयेत.

@तिरपी_रेघ तुम्ही शिकलात ते बरोबर आहे पण अर्धंच लक्षात ठेवलंत. उजेड किती आत जातो ते खोलीच्या रुंदीवर नाही, खिडकीचं डोकं, म्हणजे तिची वरची कड, किती उंच आहे त्यावर ठरतं. साधारण डोक्याच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट. तुमचं डोकं किती उंच धरलंय? ३.३ च्या खोलीत बीम ०.६ चा असेल तर बीमच्या खाली २.७ च उरतात, म्हणजे ५.४ ते ६.७५ पर्यंत उजेड धरायचा. ७.२ च्या खोलीत शेवटचा अर्धा ते पावणेदोन मीटर कमी पडतो, आणि तिथे नेमकी एक अख्खी रांग बसलीये, म्हणजे दहा मुलं.

आता सरासरीचा हिशोबही करून बघितला. तीन खिडक्या १.८ बाय १.८, चौकटी वजा करून काच ७.८ चौरस मीटर. काचेतून ८० टक्के उजेड आत येतो आणि धुळीत त्यातला थोडा जातो असं धरलं, खिडकीतून आकाश ६० अंशाचं दिसतं असं धरलं, भिंती-छत फिक्या रंगाचे धरले, तर डेलाइट फॅक्टर, म्हणजे बाहेरच्या उजेडाचा किती भाग आत पोचतो ते, २ टक्के येतो. वर्गाला सरासरी २ म्हणजे काठावर पास. पण सरासरी फसवी असते. खिडकीजवळ ५ आणि भिंतीजवळ अर्धा असला तरी सरासरी छान दिसते. शिवाय तुम्ही खिडकीवर जरा मोठा छज्जा टाकलात की ते ६० अंश ५० होतात आणि २ चे १.७.

तिरपी_रेघ
बापरे, छज्जा तर टाकलाच होता मी, ०.९ चा. मग व्हरांड्याकडच्या भिंतीला वर झरोके काढले तर? ०.६ उंचीची पट्टी, दारावरून सरळ पुढे पाच मीटर.

उजेडवाली
काढाच. सरासरीत ते फार दिसणार नाहीत, व्हरांड्याच्या छतामुळे त्यांना आकाश कमी दिसतं, मी ३० अंश धरले तर जेमतेम ०.४ टक्के भर पडते. पण ते ०.४ बरोबर जिथे नाहीये तिथे पडतं. अर्ध्या टक्क्यावर बसलेल्या रांगेला ०.४ म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि डावखुऱ्या मुलांचा कुणी विचार करत नाही, सगळा उजेड डावीकडून आला की त्यांच्या हाताची सावली थेट अक्षरावर. उजवीकडून थोडा उजेड आला की ती सावली पातळ होते.

घुमट
थांबा थांबा, झरोके म्हटलं की मला यावंच लागतं. उजेड येईल तिथून आवाजही येणार. व्हरांड्यात मधल्या सुट्टीचा गोंगाट, शेजारच्या वर्गाचे पाढे, सगळं त्या पट्टीतून आत. झरोके करा पण काच पक्की बसवा, उघडणारे नकोत.

खडूची_धूळ
पक्की काच बसवली तर हवा कुठून जाणार? ४० मुलं एका खोलीत, दुपारचे दोन, एकाच बाजूच्या खिडक्या उघड्या. तुम्ही कधी त्या खोलीत पाचवा तास घेतलाय का? मी रोज घेते. मुलं झोपतात आणि मला त्यांचा राग येत नाही, मलाही झोप येत असते.

घुमट
ताई बरोबर आहे तुमचं, हवा आरपार जायलाच हवी. म्हणून म्हणतो पट्टीतला फळ्याकडचा भाग पक्का ठेवा आणि मागच्या बाजूचा एक-दीड मीटर उघडता ठेवा. शिक्षकाचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाता जाता आधीच कमी झालेला असतो, तिथे बाहेरचा आवाज मिसळला तर त्रास होणारच, ते मान्य. पण पुढे उघडं ठेवलं तर शिक्षकच ओरडायला लागतो आणि मग सगळ्यांनाच त्रास.

खरं सांगायचं तर झरोक्यापेक्षा मोठी भानगड आतच आहे. ७.२ ची खोली धरली तर आकारमान साधारण २०० घनमीटर. सगळं प्लास्टर, फरशी आणि काच. अशी खोली आवाज काही शोषतच नाही, सगळं मिळून सहाएक चौरस मीटरचं शोषण असेल. ४० मुलं आत बसली की त्यांचे कपडे वगैरे धरून आणखी १२ मिळतात. एकूण १८. आता आवाज किती वेळ घुमतो ते काढायला ०.१६ गुणिले २०० भागिले १८ करा, पावणेदोन सेकंदांच्या पुढे जातं. म्हणजे बाई 'समभुज' म्हणाल्या आणि 'त्रिकोण' म्हणायच्या आत 'समभुज'ची शेपटी अजून खोलीत फिरतेय. वर्गाला ०.६ सेकंद हवेत. अमेरिकेचं एएनएसआय एस१२.६० हे मानक २८३ घनमीटरपर्यंतच्या वर्गाला रिकामा असताना ०.६ च सांगतं आणि बाहेरून-पंख्यातून येणारा आवाज ३५ डेसिबलच्या आत ठेवायला सांगतं.

उडता_गालिचा
एवढं कशाला, भिंतींना थर्मोकोल लावा नाहीतर अंड्यांचे ट्रे. आमच्या मित्राने बँड प्रॅक्टिसच्या खोलीत लावलेत, घुमणं एकदम कमी झालं. मागच्या भिंतीला जाड पडदा सोडला तरी चालेल.

घुमट
गालिचा भाऊ, पडद्याचं अर्धं बरोबर आहे. जाड कापड, चुण्या पाडून आणि भिंतीपासून थोडं लांब सोडलं तर काम करतं. थर्मोकोल मात्र नाही. त्याच्यातली भोकं बंद असतात, हवा आत शिरत नाही म्हणून आवाजही शिरत नाही. अंड्यांच्या ट्रेने बारीक आवाजात थोडाफार फरक पडतो, मित्राच्या खोलीत सोफा, गाद्या, अॅम्प्लिफायर असं बरंच काही असणार, श्रेय ट्रेला मिळालं. आणि शाळेत थर्मोकोल म्हणजे आग लागली तर काय, तो विचारच नको.

उडता_गालिचा
सोफा होता खरं. बरं मग काय लावायचं?

घुमट
छत. मुलांचे हात पोचत नाहीत, खडू लागत नाही, तक्ते टांगायला भिंती मोकळ्या राहतात. हिशोब असा: ०.६ सेकंदांसाठी ५३ चौरस मीटर शोषण लागतं. खोलीचे स्वतःचे ६ वजा, उरले ४७. रॉकवूलच्या चांगल्या टाइलचा शोषणांक ०.८ धरला तर ५९ चौरस मीटर टाइल लागतील, आणि तुमचं छतच साडेसाठ आहे. म्हणजे जवळजवळ अख्खं छत. मुलं बसलेली धरून हिशोब केला तर त्यांचे १२ मिळतात आणि ४४ चौरस मीटरमध्ये भागतं, पाऊण छत. मी स्वतः पाऊण छत आणि थोडी मागची भिंत करतो. मधोमध फळ्याच्या बाजूचा तुकडा मुद्दाम कडक ठेवतो, तिथून शिक्षकाचा आवाज आपटून मागे जातो. मागची भिंत मात्र नक्की, नाहीतर तिथून आवाज सरळ परत येतो आणि पुढच्यांना दोनदा ऐकू येतं.

रंधा
वूडवूल बोर्ड चालतील का? ते मला बसवता येतात, आणि चेंडू लागला तरी फुटत नाहीत.

घुमट
चालतात, पण स्लॅबला घट्ट चिकटवू नका काका, मागे ५ सेंटिमीटर हवा सोडा. चिकटवले तर शोषण बरंच कमी होतं, मग तेवढ्याच क्षेत्रात भागणार नाही. आणि एक गोष्ट कागदावर लिहूनच द्या, रंग नाही. एका शाळेत मी सगळं करून दिलं, टाळी वाजवली तर खोली गप्प. तीन वर्षांनी गेलो, टाळी वाजवली, टर्र्र असा आवाज भिंतींमधून धावत गेला. वर बघितलं तर टाइल्स पांढऱ्याशुभ्र चकचकीत. सुट्टीत रंगाऱ्याने भिंतींबरोबर छतही मारून टाकलं होतं, दोन हात. सगळी भोकं बुजली.

खडूची_धूळ
आमच्याकडे त्याहून भारी. दोन वर्गांमधली भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच आहे, वर स्लॅबपर्यंत मोकळं. आमच्या वर्गात मी मुघल साम्राज्य शिकवत असते आणि वरून अपूर्णांक येत असतात. एकदा माझ्या वर्गातल्या मुलाने शेजारच्या सरांनी विचारलेलं उत्तर मोठ्याने दिलं. बरोबर होतं.

तिरपी_रेघ
😄 हे ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहितो, भिंत स्लॅबपर्यंत. ताई, फळ्याबद्दल पण सांगा ना काहीतरी, तो ३.६ मीटरचा धरलाय मी, मध्यभागी.

खडूची_धूळ
फळा मोठा बरा वाटतो पण पहिल्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या मुलाला पलीकडचं टोक दिसत नाही. अक्षरं चेपल्यासारखी दिसतात. आमच्या वर्गात तिथे बसणारा मुलगा मान वाकडी करून, अर्धा उठून लिहून घेतो, नाहीतर शेजाऱ्याची वही. पालक म्हणतात डोळे तपासा. डोळे चांगले आहेत, जागा वाईट आहे.

उजेडवाली
फळ्याशी ३० अंशाच्या आत नजर आली की असं होतं. तुमच्या आकड्यांवर मी मोजलं: खोली ७.२, पहिला बाक फळ्यापासून २.१ वर, मुलाचा डोळा साधारण २.५ वर, भिंतीपासून पाऊण मीटर. फळ्याचं लांबचं टोक आडवं ४.६५ लांब. कोन येतो २८. पहिला बाक २.४ वर सरकवा, ३१ होतो. मागे किती उरतं ते बघा.

रंधा
२.४ आणि पाच ओळींचे ४.५, झाले ६.९. मागे दीड मीटर. उत्तम. तिथे कपाटं, दप्तरं, सगळं मावतं. आणि शेवटच्या ओळीतलं पोरगं फळ्यापासून साडेसहाच्या आतच बसतं.

उजेडवाली
आता चकाकी. खिडकी फळ्याच्या भिंतीला अगदी लागून नको, निदान १.५ मीटर कोरी भिंत सोडा. ८.४ मधून १.५ गेले तरी १.८ च्या तीन खिडक्या आणि मधले खांब बसतात. आणि बांधून झाल्यावर फळा लावायच्या आधी एक करा: फळ्याच्या जागी भिंतीला सपाट आरसा धरायला एकाला उभं करा आणि तुम्ही प्रत्येक बाकावर जाऊन बसा. आरशात खिडकी दिसली तर त्या मुलाला फळ्याच्या त्या भागावर नुसता पांढरा डाग दिसणार. पांढरा बोर्ड लावणार असाल तर हा त्रास दुप्पट, काळा फळा थोडा माफ करतो. माझ्या अनुभवात व्हरांड्याकडची पुढची दोन-तीन मुलं यात सापडतातच, त्यांच्यासाठी पहिल्या खिडकीला पडदा.

खिडक्या कोणत्या दिशेला आहेत? उत्तर गोलार्धात असाल तर लांब खिडक्या उत्तरेला, व्हरांडा दक्षिणेला, म्हणजे ऊन व्हरांड्यावर पडतं. मग खिडकीवरचा तो ०.९ चा छज्जा पावसापुरता लहान करता येईल आणि तुमचे ६० अंश परत मिळतील.

तिरपी_रेघ
हो उत्तरेलाच आहेत. छज्जा लहान करतो. एक शंका, वायरिंग वाचवायला मी दोन-दोन वर्गांचे फळे एकाच भिंतीला पाठीला पाठ लावलेत, जोडी करून. ते चालेल ना?

खडूची_धूळ
नको!!

उजेडवाली
कॅडमधे मिरर कमांड मारली ना 🙂 मग अर्ध्या वर्गांत खिडक्या मुलांच्या उजवीकडे गेल्या. बघा आता प्लॅनवर, मुलं फळ्याकडे तोंड करून बसवा. एका वर्गात खिडकी डाव्या हाताला, शेजारच्यात उजव्या. मिरर नाही, कॉपी. चारही वर्ग एकाच तोंडाचे.

तिरपी_रेघ
अरे देवा. चार वर्गांपैकी दोन उलटेच होते, दोन्ही मजल्यांवर. मागच्या आठवड्यात दाखवून मंजूर पण करून आणलं होतं.

मधली_सुट्टी
पण आता शाळांमधे असे ओळीत बाक कुणी ठेवत नाही म्हणतात, गोल करून बसवतात. मग हा सगळा हिशोब वाया जाणार नाही का?

रंधा
चांगला प्रश्न विचारलात या वेळी. ७.२ मध्ये तेही बसतं. चौघांचं टेबल १.२ बाय ०.९, दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि वाट धरली तर एका गटाला २.४ बाय १.७ लागतं. रुंदीत बरोबर तीन गट. फळ्यापाशी दीड मीटर सोडून लांबीत चार. बारा जागा, गट दहा. टेबलं अशी लावायची की मुलं फळ्याला कुशीने बसतील, पाठ कुणाचीच नको. ६.६ मध्ये रुंदीत तीन गट धड बसत नाहीत, खुर्च्या एकमेकींच्या पाठीला घासतात. बाक जोडलेले नको मग, सुटी टेबलं आणि पायांना रबर, नाहीतर घुमटसाहेबांची सगळी मेहनत फरशीवर खरवडून जाईल.

घुमट
गटात बसले की आवाज वाढतोच, प्रत्येक गट शेजारच्यापेक्षा जरा मोठ्याने बोलतो आणि तो जिना चढतच जातो. त्यात छत कोरं असेल तर संपलंच. म्हणून गटवाला वर्ग करायचा असेल तर मी पाऊण छतावर थांबणार नाही, पूर्ण करेन.

तिरपी_रेघ
७.२ पक्कं केलं. पण अजून एक विचार डोक्यात आहे, उंची ३.३ ऐवजी ३.६ केली तर खिडकीचं डोकं ३ मीटरला जातं, म्हणजे उजेड ६ ते ७.५ आत. मग झरोके कमी करून आवाजही वाचेल?

उजेडवाली
करा, मी ३.६ च्याच बाजूने.

घुमट
मी नाही. आकारमान २०० चं जवळपास २१८ होतं, म्हणजे तितकंच शोषण जास्त लागतं, ५८ चौरस मीटर. छत तर तेवढंच राहिलं, मग भिंतींवर उतरावं लागतं. शिवाय जिन्याला दोन पायऱ्या जास्त, लहान मुलं आहेत. त्यापेक्षा ३.३ ठेवा, खिडकीकडचा बीम उलटा वर काढता येतो का ते स्ट्रक्चरवाल्याला विचारा. तसं झालं तर डोकं स्लॅबला जाऊन भिडेल.

उजेडवाली
वरच्या मजल्यावर उलटा बीम गच्चीत पाणी अडवतो, मग तिथे गळती. तळमजल्यावर ठीक, तिथे तो वरच्या मजल्याच्या खिडकीखालच्या भिंतीत लपेल.

घुमट
कठड्यातच घ्या ना, पाण्याला पाइप काढा.

उजेडवाली
पाइप पाल्याने तुंबला की मग कोण बघतं ते दोघांनाही माहितीये.

तिरपी_रेघ
तुमचं चालू द्या 🙂 मी स्ट्रक्चरवाल्याला दोन्ही विचारतो. तोवर जुन्या इमारतीतला एक वर्ग साधारण याच मापाचा आहे, ढगाळ दिवस मिळाला की तिथे आरसा घेऊन जातो आणि बाहेर-आत एकाच वेळी लक्स मोजतो. मीटर एकच आहे, दुसरा कुणाकडे असेल तर सांगा.

खडूची_धूळ
मीटर नाही पण टाळी वाजवायला मी येते.